सिलिंडर नंबर, काळा पडदा आणि हरवलेले अनुस्वार

रेघोटी (सोमवार, रात्री ११:२०)

मी मुद्रितशोधक आहे, घरूनच काम करते. गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक छापून गेली. लेखिकेनं लिहिलं होतं ‘आईची चिंता’. टंकताना अनुस्वार पडला आणि पुस्तकात आली ‘आईची चिता’. तो अनुस्वार पकडणं हेच माझं काम होतं, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाचा म्हणता येत नाही.

तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. दोन महिन्यांपूर्वी प्रकाशकाची संपादनाची वेबप्रणाली बदलली. नवीन पडदा पूर्ण काळा आणि अक्षरं पांढरीशुभ्र. दिवसा फार जाणवत नाही, पण रात्री नऊनंतर प्रत्येक अक्षराभोवती पिठूळ चांदणं पडतं. अनुस्वार वेलांटीला चिकटतो, कधी शिरोरेखेतच विरघळतो. लाइट मोड लावला तर अक्षर धारदार दिसतं, पण तासाभरात कपाळ दुखतं.

चष्म्याचा नंबर लिहिते, सिलिंडर म्हणजे एकाच दिशेतला नंबर आणि अ‍ॅक्सिस म्हणजे त्या दिशेचा कोन: उजवा −०.५०, सिलिंडर −१.७५, अ‍ॅक्सिस १७५. डावा −०.५०, सिलिंडर −०.७५, अ‍ॅक्सिस ५. वय ३६. चष्मा आठ महिन्यांपूर्वीचा. सिलिंडर असणाऱ्यांनी डार्क मोड वापरूच नये असं कुणी म्हणतं, तर कुणी म्हणतं डोळ्यांना तोच बरा. अनुभव असणाऱ्यांनी सांगा.

खिडकीतला_कोडर (सोमवार, रात्री ११:४१)

डार्क मोडच. दहा वर्षं दिवसाचे बारा तास काळ्या पडद्यासमोर बसतोय, डोळे ठणठणीत. पांढरा पडदा म्हणजे ट्यूबलाइटकडे बघत बसणं. शिवाय निळा प्रकाश. त्यावर निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्या, कपाळ दुखायचं थांबेल. तुमचा त्रास डार्क मोडचा नसून फॉन्टचा असणार. मला सिलिंडर नंबर नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

नाना_सांगलीकर (मंगळवार, पहाटे ५:३५)

माझाही अनुभव काळ्याच्या बाजूने. वय ७१. फोनवर पांढऱ्या पानावर वाचायला घेतलं की सगळं धुक्यात गेल्यासारखं होतं. नातीने रंग उलटे करून दिले, तेव्हापासून रोज पेपर वाचतो. तेव्हा ताई, काळाच ठेवा. डॉक्टर म्हणाले आहेत, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, दिवाळीनंतर बघू.

भिंगवाला (मंगळवार, सकाळी १०:१५)

नाना, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, पण ते मोतीबिंदूचं आहे. डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ झालं की पडद्यावरचा पांढरा उजेड त्यात विखुरतो आणि त्याचाच पडदा नजरेवर येतो. पांढरा भाग कमी केला की धुकं कमी होतं. म्हणून तुम्हाला काळं बरं. रेघोटीताईंचं भिंग ३६व्या वर्षी स्वच्छ असणार, त्यांचा मामला वेगळा.

मी चष्म्याचे नंबर काढतो, नाशकात, वीसेक वर्षं झाली. डार्क मोडची तक्रार घेऊन येणारे आता रोजचेच. सगळी गंमत डोळ्याच्या बाहुलीत आहे. पडदा पांढरा असला की बाहुली आकसते, तीन मिलिमीटरच्या आसपास येते. खोलीत अंधार आणि पडदा काळा असला की ती पाचाच्याही पुढे उघडते. नंबर पूर्ण उतरलेला नसेल तर धूसरपणा बाहुलीच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. हिशेब करून बघा. समजा अर्धा नंबर चष्म्यात उतरलेला नाही आणि पडदा ६० सेंटिमीटरवर आहे. बाहुली तीन मिलिमीटरची असेल तर पडद्यावरचा एक ठिपका सुमारे ०.९ मिलिमीटर पसरलेला दिसेल. पाच मिलिमीटरची असेल तर दीड मिलिमीटर. २४ इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल पाव मिलिमीटरहून जरासा मोठा असतो. म्हणजे पांढऱ्या पडद्यावर तीन पिक्सेलचा पसारा आणि काळ्यावर पाचाच्या वर. मराठी अनुस्वार मुळात असतो किती पिक्सेलचा?

पण आधी हे सांगा, अर्धा नंबर उरलाच का? आठ महिन्यांचा चष्मा बरोबर असेल तर सिलिंडर त्यात उतरलेलं असतं, आणि तुम्ही सिलिंडर नसलेल्या माणसासारखंच वाचायला हवं. ‘सिलिंडरवाल्यांना डार्क मोड वर्ज्य’ हे म्हणूनच मला अर्धवट वाटतं. त्रास होतो तो न उतरलेल्या सिलिंडरचा.

आज रात्री दोन गोष्टी करा, चष्मा घालून, एकेक डोळा झाकून. व्हिजिटिंग कार्डाला सुईनं मिलिमीटरभर भोक पाडा आणि त्यातून तोच काळा पडदा बघा, ब्राइटनेस थोडा चढवून. चांदणं नाहीसं झालं तर दोष नंबराचा. भोकातूनही राहिलं तर कोरडेपणा किंवा दुसरं काही. दुसरं, पडद्यावर मोठ्या आकारात एक अधिकचं चिन्ह आणि एक गुणिलेचं चिन्ह काढा. कोणती रेघ धारदार आणि कोणती मऊ, ते लिहा.

खिडकीतला_कोडर (मंगळवार, दुपारी १:०५)

भिंगवाले, एक पटत नाही. धूसर होतं म्हणजे उजेड शेजारी सांडतो. पांढरं अक्षर काळ्यावर सांडेल, तसं काळ्या अक्षरावर आजूबाजूचं पांढरं सांडेल. गणित दोन्हीकडे सारखंच की! मग काळ्या पडद्यालाच का झोडपायचं?

भिंगवाला (मंगळवार, दुपारी २:५०)

प्रश्न आवडला. बाहुली तेवढीच राहिली तर तुमचं म्हणणं खरं आहे. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फ विद्यापीठातल्या मंडळींनी नेमकं हेच तपासलं. पांढऱ्यावर काळं वाचताना लोक चुका जास्त पकडतात, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. (कामही मुद्रितशोधनाचंच दिलं होतं, ताई!) पण २००९ मध्ये त्यांनी दोन्ही पडद्यांचा एकूण उजेड सारखा करून पाहिला, तेव्हा तो फायदा गायब झाला. म्हणजे करामत पांढऱ्या रंगाची नव्हती, पडद्यातून डोळ्यात येणाऱ्या एकूण उजेडाची होती. २०१४ च्या निबंधात त्यांनी दाखवलं की अक्षर जितकं बारीक तितका पांढऱ्याचा फायदा मोठा. हे प्रयोग खास सिलिंडरवाल्यांवर नव्हते, हेही सांगून ठेवतो.

मात्र डोळ्याला दिसणारं आणि गणितातलं यात थोडा फरक आहे. काळ्याकुट्ट पृष्ठावर सांडलेला जरासा उजेडही लगेच नजरेत भरतो. पांढऱ्या पृष्ठावर काळ्याची कड तेवढीच फिकी झाली तरी खपून जाते. चांदण्याची तक्रार म्हणून काळ्याच्याच वाट्याला येते.

निळ्या काचेबद्दल: डोळ्यांच्या शिणावर तिचा उपयोग होतो का, हे तपासणारा आढावा २०२३ मध्ये आला, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा. अल्पकाळात तरी फायदा दिसला नाही. मी दुकानात ती काच विकतो, तरी सांगतोय.

खिडकीतला_कोडर (मंगळवार, दुपारी ३:१०)

काच मागे घेतो. काळा पडदा नाही.

टिंब (मंगळवार, रात्री ८:३०)

डब्लिनहून. वेबसाइटचे रंग ठरवणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि मलाही सिलिंडर आहे.

रेघोटी, तुझा अ‍ॅक्सिस १७५ म्हणजे जवळपास आडवा. आडव्या अ‍ॅक्सिसच्या सिलिंडरमध्ये ठिपका उभा ताणला जातो. उभे काने स्वच्छ राहतात, आडव्या रेघा जाड होतात. इंग्रजीत याचं फार बिघडत नाही, पण आपली शिरोरेखा आडवी आणि अनुस्वार तिच्या डोक्यावर! ठिपका उभा ताणला की तो खाली शिरोरेखेत उतरणारच. देवनागरीसाठी हा सर्वांत वाईट अ‍ॅक्सिस, अशी माझी थिअरी.

आता रंगांचं. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं म्हणजे कॉन्ट्रास्ट २१ ला १, याच्यापुढे आकडा जात नाही. वेबच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ हवा आणि वरच्या पातळीला ७. म्हणजे २१ वरून खाली यायला भरपूर जागा आहे. मी रात्री हे वापरते, कॉन्ट्रास्ट साधारण १०.३ येतो:

```css
body {
  background: #222222;
  color: #D0D0D0;
  line-height: 1.8;
}
```

ब्राउझरमध्ये Stylus नावाचं एक्स्टेन्शन टाकून फक्त त्या एका साइटसाठी हे लावता येतं. प्रकाशकाला विचारायचीही गरज नाही. अक्षर मंद केलं की सांडणारा उजेडच कमी होतो, आणि पृष्ठ राखाडी केलं की उरलेला त्यात बुडून जातो.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक, चांदणं दिसतं म्हणून ठळक फॉन्ट लावतात. पांढरं अक्षर काळ्यावर मुळातच जाडजूड दिसतं, त्यात ठळक केलं की ‘ष’चं पोट भरून जातं. काळ्यावर साधं वजनच ठेव आणि आकार एक-दोन पॉइंट वाढव. दुसरं, राखाडीवर राखाडी करत करत पाचाच्या खाली जातात. मग चांदणं जातं पण अनुस्वारही जातो. आकडा बघायला क्रोममध्ये अक्षरावर राइट क्लिक, `Inspect`, आणि `color` शेजारच्या रंगाच्या चौकोनावर टिचकी मार. तिथे `Contrast ratio` लिहिलेला असतो.

रेघोटी (बुधवार, रात्री १२:१०)

केलं सगळं. डावा डोळा: दोन्ही चिन्हं ठीक, चांदणं अगदी नावाला. उजवा: काळ्या पडद्यावर अधिकचं चिन्ह आडवं-उभं सारखंच मऊ. गुणिलेच्या चिन्हात मात्र एक तिरकी रेघ काळजीपूर्वक कोरल्यासारखी, आणि तिला छेदणारी दुसरी खडूनं काढल्यासारखी पसरलेली! कार्डाच्या भोकातून बघितलं तर दोन्ही कोरलेल्या. मी दोनदा चष्मा पुसून पाहिला.

टिंब, तुझ्या थिअरीप्रमाणे अधिकच्या चिन्हाची आडवी रेघ जाड दिसायला हवी होती ना?

भिंगवाला (बुधवार, सकाळी ९:४०)

टिंब यांची थिअरी चष्मा काढलेल्या डोळ्याची आहे. तिथे ती बऱ्यापैकी लागू पडते. म्हणजे जवळचं बघताना डोळा स्वतःच फोकस पुढेमागे करून कधी आडवी रेघ साफ करतो तर कधी उभी, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही. पण ताईंनी चष्मा घालून पाहिलंय. चष्म्यात सिलिंडरची ताकद बरोबर असेल पण काच फिरली असेल, तर उरणारा दोष मूळ अ‍ॅक्सिसच्या दिशेनं उरत नाही. तो साधारण ४५ अंश तिरका होऊन बसतो. अधिकचं चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखं मऊ, गुणिलेची एक रेघ साफ आणि एक पसरलेली, ही त्याचीच खूण. अनुस्वार शिरोरेखेत नाही, तिरका ओढला जाऊन वेलांटीच्या गोलाईला चिकटत असणार.

ताई, फ्रेम गोल आहे का?

रेघोटी (बुधवार, सकाळी ९:५२)

हो. एकदम गोल, सोनेरी तारेची. मागच्या महिन्यात उजवी काच निसटली होती, मीच परत बसवली आणि स्क्रू घरच्या पेचकसानं आवळला.

भिंगवाला (बुधवार, सकाळी ९:५८)

झालं! चौकोनी फ्रेममध्ये काच अशी फिरत नाही. गोल फ्रेममध्ये ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि वरून काही कळत नाही. नुसता नंबर असलेली काच फिरली तर फरक पडत नाही, सिलिंडरची फिरली की पडतो. दहा अंश फिरली तर सिलिंडरचा साधारण एकतृतीयांश दोष परत येतो. तीस अंश फिरली तर पूर्ण सिलिंडरइतका, म्हणजे चष्मा घातला काय न घातला काय. कुठल्याही चष्म्याच्या दुकानात लेन्सोमीटरवर दोन मिनिटांत बघून देतील. अ‍ॅक्सिस किती निघाला ते लिहा.

काजळमाया (बुधवार, दुपारी १२:३०)

मध्येच घुसते, माफ करा. माझा मुलगा १७ वर्षांचा. दीड वर्षात एका डोळ्याचं सिलिंडर −१.०० वरून −२.७५ झालं. त्याला काळ्या पडद्यावर अक्षराखाली अक्षराची सावली दिसते, एकच डोळा उघडा ठेवला तरी. फोनचा डार्क मोड बंद करायला लावला, तर लाइट मोडमध्येही सावली आहे म्हणतो. कुठले रंग लावू?

भिंगवाला (बुधवार, दुपारी १२:५५)

रंग नंतर. तो डोळे चोळतो का? या वयात सिलिंडर इतक्या वेगानं वाढणं आणि एका डोळ्यानं सावली दिसणं, यात बुबुळापुढची पारदर्शक काच पातळ होऊन पुढे येतेय का, हे आधी बघायला हवं. त्या काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार मोजणारी टोपोग्राफी करून घ्या, नेत्रतज्ज्ञाकडे, माझ्यासारख्या चष्मेवाल्याकडे नव्हे. याच आठवड्यात जा. तो आजार असेल तर वाढ थांबवणारे उपचार आहेत, म्हणून घाई करा म्हणतोय.

काजळमाया (बुधवार, दुपारी १:०२)

चोळतो. सारखाच. शुक्रवारची वेळ घेतली.

रेघोटी (शनिवार, संध्याकाळी ७:१५)

गोल काचेचा निकाल: चष्म्यावर हवा १७५, यंत्रावर निघाला १६३. दुकानातल्या मुलानं काच फिरवून बसवली, स्क्रूला थेंबभर चिकटद्रव्य लावलं आणि पैसे घेतले नाहीत.

मग मी घरी एक प्रयोग केला. बहिणीनं मला न दाखवता दोन सारख्या लांबीच्या मजकुरांत प्रत्येकी वीस अनुस्वार उडवून दिले. चष्मा दुरुस्त होण्याच्या आदल्या रात्री एक मजकूर मूळ काळ्या पडद्यावर वाचला: सात सुटले. दुरुस्तीनंतर दुसरा त्याच पडद्यावर, त्याच वेळी: तीन सुटले. अजून एक तिसरा करून घेतला, तो टिंबच्या राखाडीवर, अक्षर १६ वरून १८ करून: दोन.

खिडकीतला_कोडर (शनिवार, संध्याकाळी ७:४०)

तीन आणि दोन यात काही फरक नाही. शिवाय तिसऱ्या वेळी तुम्ही अनुस्वारच शोधत होतात, आणि अक्षरही मोठं केलंत. पांढऱ्यावर किती सुटतात ते केलंतच नाही!

रेघोटी (शनिवार, रात्री ८:०५)

मान्य. पांढऱ्यावर करायचं होतं, पण कपाळ.

भिंगवाला (शनिवार, रात्री ९:२०)

१२ अंश म्हणजे −१.७५ वर साधारण पाऊण नंबराचं सिलिंडर परत आलं होतं. दिवसा बाहुली लहान असल्यानं ते लपत होतं.

कपाळाचं एक कारण फिरलेली काच असू शकतं, पण दुसरं मला ब्राइटनेस वाटतं. रात्री टेबलावर दिवा लावून एक कोरा कागद मॉनिटरच्या शेजारी धरा. पडद्याचा पांढरा रंग त्या कागदासारखा दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. बहुतेकांचा पडदा कागदापेक्षा कितीतरी उजळ असतो, तोच ट्यूबलाइट वाटतो. खोलीतला दिवा मात्र बंद करू नका, तो बाहुलीला आवर घालतो.

टिंब (शनिवार, रात्री ९:५०)

थिअरी चुकली, पण गोल फ्रेम माझीही आहे. उद्या तपासून आणते.

कागदाची युक्ती छान. त्यावर पृष्ठाला `#FAF7EF` आणि अक्षराला `#222222` दे, कॉन्ट्रास्ट १५ च्या जवळ राहतो आणि शुभ्रपणा मरतो. वर्डमध्ये काम करत असशील तर काळी थीम ठेवूनही पान पांढरं करता येतं: `View` मध्ये `Switch Modes`. आयफोनवर `Accessibility`, मग `Display & Text Size`, तिथे `Reduce White Point`. हे लाइट मोडमध्येही शुभ्र रंग खाली आणतं.

नाना_सांगलीकर (रविवार, पहाटे ५:२०)

मी कागद धरून पाहिला. माझा पडदा कागदापेक्षा मंदच होता, तरी धुकं तसंच. तेव्हा आमचं काळंच बरं. पण एक विचारतो, मोतीबिंदू काढल्यावर नवीन भिंग बसलं की मग पांढरं करायचं का?

भिंगवाला (रविवार, सकाळी ११:००)

करून बघा नाना. बहुतेक आवडेल. शस्त्रक्रियेनंतर सिलिंडर किती उरतंय त्यावर आहे, दिवाळीनंतर आकडा घेऊन या.

रेघोटी (मंगळवार, रात्री १०:४५)

तीन रात्री कागदाएवढा ब्राइटनेस, `#FAF7EF` पान, टेबलाचा दिवा चालू. दोन रात्री कपाळ दुखलं नाही, काल दुखलं. काल अकरा तास काम केलं होतं, त्यामुळे दोष कुणाला द्यावा कळत नाही. पांढऱ्यावर वीस अनुस्वारांचा मजकूर बहिणीकडून मागवलाय. ती म्हणते, या वेळी काही अनुस्वार जास्तीचेही घालते.

काजळमाया (मंगळवार, रात्री ११:१०)

टोपोग्राफी झाली. भिंगवाले, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.